पाचशे पिना आहेत कुठे?

चाकणच्या कारखान्यातून 500 पिना झिंक प्लेटिंगसाठी भोसरीच्या वेंडरकडे गेल्या. आठवड्याने 488 चांगल्या परत आल्या. वेगळ्या पिशवीत 7 आल्या, त्यांचं प्लेटिंग सुटलेलं. उरलेल्या 5 चा हिशोब लागत नाही. हा व्यवहार सिस्टीममध्ये कसा बसवाल?

ईआरपी फंक्शनल कन्सल्टंटच्या जागेसाठी मुलाखत घेताना मी हा प्रश्न विचारते. खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि हिशोब एकाच सॉफ्टवेअरमध्ये चालतात, ती व्यवस्था म्हणजे ईआरपी. स्टोअरमध्ये माल आत घेतल्याची नोंद झाली की अकाउंट्सची नोंद त्याबरोबर होते, कुणाला दुसऱ्यांदा लिहावं लागत नाही. पुणे परिसरातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या अनेक कारखान्यांत त्यासाठी सॅप वापरतात, आणि माझं काम त्यातल्या खरेदी-स्टोअरच्या भागात आहे. फंक्शनल कन्सल्टंट प्रोग्रॅम लिहीत नाही. कारखान्यात काम प्रत्यक्षात कसं चालतं ते समजून घ्यायचं, सॉफ्टवेअरमध्ये आधीच असलेल्या शेकडो पर्यायांपैकी कोणते त्या कामाला बसतात ते ठरवायचं आणि ते का बसतात हे कारखानदाराला पटवून द्यायचं, हे त्याचं काम.

प्लेटिंगच्या प्रश्नाला बहुतेक उमेदवार झटक्यात उत्तर देतात. `ME21N` मध्ये L कॅटेगरीची सबकॉन्ट्रॅक्टिंग पर्चेस ऑर्डर करायची, 541 ने माल वेंडरच्या नावावर टाकायचा, परत आला की `MIGO` मध्ये 101 करायचं, त्यासोबत 543 आपोआप होतं, आणि वेंडरचं बिल `MIRO` मध्ये घ्यायचं. या उत्तरात चूक काहीच नाही. मग मी म्हणते, "आता मी या कारखान्याची मालकीण आहे. यातला एकही आकडा न उच्चारता सांगा, माझं काय झालं?" इथे बरेच जण थांबतात.

चांगलं उत्तर साधारण असं असतं. माल बाहेर गेला, मालकी गेली नाही. कोऱ्या पिनेची किंमत 80 रुपये धरली तर 500 पिनांचे 40,000 रुपये माल गेला त्या दिवशीही तुमच्याच साठ्यात आहेत. हिशोबाच्या वहीत तेव्हा काहीच हलत नाही. फक्त साठ्यावर 'वेंडरकडे' अशी खूण लागते. 488 पिना परत आल्या की तेवढ्या कोऱ्या पिना, म्हणजे 39,040 रुपये, वेंडरकडच्या साठ्यातून उतरतात. त्यात प्लेटिंगची मजुरी मिळवली जाते. ती नगाला 4 रुपये 32 पैसे असेल तर प्लेटिंग झालेली पिन 84 रुपये 32 पैशांनी तुमच्या साठ्यात चढते. वेंडरकडे अजून 12 कोऱ्या पिना दिसतात, 960 रुपयांच्या. हे 960 रुपये कुणाचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सिस्टीम देणार नाही.

एवढं सांगणारा उमेदवार पुढच्या टप्प्याला पात्र आहे असं मी समजते. पण ज्याला 4 रुपये 32 पैसे हा भाव खटकतो, त्याच्याशी बोलायला मला जास्त आवडतं. कुठला वेंडर नगाला असा भाव लावतो? उत्तर: कुठलाच नाही. प्लेटिंगवाला किलोवर पैसे घेतो. पिन 180 ग्रॅमची, भाव किलोला 24 रुपये, म्हणून नगाला 4 रुपये 32 पैसे पडतात. म्हणजे ऑर्डर नगात आणि भाव किलोत. सॅपमध्ये याची सोय पहिल्यापासून आहे. ऑर्डरचं एकक वेगळं आणि भावाचं एकक वेगळं ठेवता येतं, एका नगाचं वजन किती ते एकदा सांगितलं की झालं. पण ही गरज कुणी कन्सल्टंटला बोलावून सांगत नाही. खरेदी अधिकाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, "प्लेटिंगची ऑर्डर काढतो आम्ही, नेहमीची." त्याच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काही नसतं.

म्हणून गरजा गोळा कशा करता, या प्रश्नावर मला 'वर्कशॉप घेतो, प्रश्नावली देतो' एवढंच उत्तर पुरत नाही. माणसाला त्याचं काम विचारलं की तो जे व्हायला हवं ते सांगतो. काय होतं ते कागदावर सापडतं. गेल्या महिन्याचं चलनबुक मागवावं, त्याच वेंडरची दोन-तीन बिलं आणि रिजेक्शनचं रजिस्टर समोर ठेवावं आणि एक चलन धरून शेवटपर्यंत जावं. हे चलन कुणी फाडलं, किती नगांचं होतं, परत किती आले, बिल कितीचं आलं, आणि यातले दोन आकडे जिथे जुळत नाहीत तिथे पेन्सिलीने काय लिहिलंय? त्या पेन्सिलीच्या नोंदी म्हणजे निम्म्या गरजा.

सॅपच्या सध्याच्या ॲक्टिव्हेट पद्धतीत एक टप्पा आहे, एक्सप्लोर नावाचा. त्यात तयार सिस्टीम चालवून दाखवायची, ती तुमच्या कामाला कुठे बसते आणि कुठे बसत नाही हे ग्राहकासोबत ठरवायचं. पूर्वी महिनोन्‌महिने बसून जाडजूड ब्लूप्रिंट लिहिली जायची, त्यापेक्षा हे बरंच बरं आहे. पण त्यात एक धोका आहे. दाखवण्यासाठी घेतलेला नमुना नेहमी गुळगुळीत असतो. 100 नग गेले, 100 आले, सगळे माना डोलावतात आणि सही होते. भोसरीच्या 12 पिना त्या खोलीत कधी येतच नाहीत. म्हणून कागदपत्रं त्या सत्राच्या आधी पाहावीत आणि सत्रात आपला गुळगुळीत नमुना न चालवता त्यांचंच अडलेलं चलन चालवून दाखवावं.

कागदानंतर स्टोअर. संध्याकाळी टेम्पो भरत असताना तिथे उभं राहावं. स्टोअरकीपरला विचारावं, "काका, परत आलेला माल मोजता कसा?" तो सांगतो, "मोजतोय कुठं, ताई. काट्यावर टाकायचं, वजनावरनं नग काढायचे." या एका वाक्यात बरंच काही आहे. वजनावरून नग काढताना एका पिनेचं वजन 180 ग्रॅम धरलं जातं. प्लेटिंगमुळे वजन वाढतं असं कुणालाही वाटेल, पण आठ मायक्रॉनचा झिंकचा थर या आकाराच्या पिनेवर तिसरा हिस्सा ग्रॅमसुद्धा भरत नाही. 500 पिनांचा मिळून दीडशे ग्रॅम, म्हणजे एका पिनेच्या वजनापेक्षा कमी. खरा फरक यंत्रकामातून येतो. एखाद्या लॉटमधली पिन सरासरी एक टक्का हलकी निघाली, तर 500 नगांच्या वजनातून 495 मोजले जातात. म्हणजे ज्या 5 पिनांचा हिशोब लागत नाही, त्या कदाचित हरवलेल्याच नाहीत. त्या काट्यावर हरवल्या आहेत.

हे कळल्यावर कन्सल्टंटने काय करायचं? सिस्टीममध्ये याला सेटिंग नाही. जाताना आणि येताना मोजण्याची पद्धत एकच ठेवायची, प्रत्येक लॉटचे दहा नग तोलून त्या लॉटचं वजन ठरवायचं, आणि किती टक्क्यांपर्यंतचा फरक भांडणाशिवाय सोडायचा हे वेंडरशी लेखी ठरवायचं, हा निर्णय कारखान्याचा. कन्सल्टंटने तो प्रश्न टेबलावर आणायचा आणि ठरलेलं उत्तर दस्तऐवजात लिहायचं. मुलाखतीत एखादा उमेदवार "इथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही" असं स्वतःहून म्हणाला, तर मी त्याच्या नावापुढे खूण करते.

सुटलेल्या प्लेटिंगच्या 7 पिनांचं तसंच. त्या वेंडरने स्वखर्चाने पुन्हा प्लेट करून द्यायच्या असतील तर त्या परत त्याच्याकडे जातील, सिस्टीममध्ये त्या आधीपासून त्याच्याच नावावर आहेत आणि नवी नोंद लागत नाही. त्या भंगारात गेल्या असतील तर त्या वेंडरकडच्या साठ्यातून कमी कराव्या लागतात आणि 560 रुपये कुणी सोसायचे ते ठरवावं लागतं. हे स्टोअरकीपरला विचारून उपयोग नाही, तो त्याचा निर्णय नाही. खरेदी आणि क्वालिटी या दोघांना एकाच वेळी समोर बसवून विचारावं, कारण वेगवेगळं विचारलं तर दोन वेगळी उत्तरं मिळतात. प्रक्रियेचा नकाशा काढताना प्रत्येक खात्याची वेगळी पट्टी आखायची असते ती याचसाठी. पिन एका पट्टीतून दुसरीत जाते तिथे रेष ओलांडताना कोण सही करतो हे लिहिता आलं नाही, तर ती जागा अजून समजलेली नाही.

यानंतर मी कॉन्फिगरेशनकडे वळते. या उदाहरणात एक निवड अशी आहे की तिच्यावर पुढचं सगळं ठरतं. कोरी पिन आणि प्लेटिंग झालेली पिन यांना दोन वेगळे मटेरियल कोड द्यायचे, की कोड एकच ठेवून प्लेटिंग हे उत्पादनातलंच एक ऑपरेशन धरायचं, जे बाहेर होतं? सॅपमध्ये दोन्ही मार्ग आहेत. पहिल्यात सबकॉन्ट्रॅक्टिंगची पर्चेस ऑर्डर आणि प्लेटिंगच्या पिनेखाली कोरी पिन असा एक बिल ऑफ मटेरियल लागतो. दुसऱ्यात उत्पादनाच्या राउटिंगमध्ये त्या ऑपरेशनवर 'हे बाहेर करून घ्यायचं' अशी खूण करायची. प्रॉडक्शन ऑर्डर निघाली की खरेदीची मागणी आपोआप तयार होते.

कारखानदार बहुतेक वेळा दुसऱ्याकडे झुकतो, आणि त्याचं म्हणणं रास्त असतं. आज त्यांच्याकडे पिनेचा एकच नंबर आहे, ड्रॉइंगवर तोच आहे, सगळ्यांच्या तोंडी तोच आहे. दोन कोड म्हणजे दुप्पट मास्टर, दुप्पट चुका. उमेदवाराने इथे माझी समजूत घालायची असते. "सर, स्टँडर्ड प्रॅक्टिस दोन कोडची आहे" असं म्हणून भागत नाही. स्टँडर्ड दोन्ही आहेत.

मला पटलेलं उत्तर असं होतं. उमेदवार म्हणाली, "मॅडम, मला आधी तीन गोष्टी सांगा. पिना वेंडरकडे सरासरी किती दिवस राहतात? एका खेपेच्या पिना एकदम परत येतात, की तुकड्यातुकड्याने? आणि वर्षअखेरीला ऑडिटर वेंडरकडच्या साठ्याची यादी मागतो का?" मी म्हटलं, आठ-दहा दिवस, तुकड्यातुकड्याने, आणि हो, मागतो. मग ती म्हणाली, "एकच कोड ठेवला तर पिना सकाळी जाऊन संध्याकाळी लाइनवर परत येत असत्या तर छान चाललं असतं. पण तुमच्याकडे त्या बाहेर असताना साध्या मांडणीत त्या प्रॉडक्शन ऑर्डरमध्ये अडकलेल्या दिसतील. अमुक वेंडरकडे अमुक पिना, असं साठ्याच्या रिपोर्टमध्ये दिसणार नाही. ती यादी तुम्हाला आजच्यासारखी बाहेर एक्सेलमध्येच ठेवावी लागेल. शिवाय परत आलेल्या पिना काही काळ स्टोअरमध्ये ठेवल्या, तर त्याच नंबरखाली कोरी कुठली आणि प्लेट केलेली कुठली हे सिस्टीमला कळणार नाही, आणि असेंब्लीला कोरी पिन जाऊ शकेल. दोन कोडची किंमत मला मान्य आहे. ती मास्टर बनवताना एकदा मोजायची. एका कोडची किंमत दर महिन्याला मोजावी लागेल." आणि मग तिने हेही सांगितलं की ज्या दोन-चार भागांचं काम खरंच त्याच दिवशी परत येतं, त्यांना दुसरा मार्ग ठेवायला हरकत नाही.

या उत्तरात मला आवडलं ते हे, की तिने निवड ग्राहकाच्या हातात ठेवली, पण प्रत्येक निवडीचा त्रास कुणाला आणि कधी होणार हे सांगितलं. मोफत असा पर्याय तिने एकही दाखवला नाही.

तिसरा भाग कठीण असतो. ग्राहक अशी गोष्ट मागतो जी सेटिंग बदलून देता येते, पण देऊ नये. गो-लाइव्हनंतरच्या पहिल्या आठवड्यात हे हटकून घडतं. संध्याकाळी सहाला प्लेटिंगचा टेम्पो गेटवर उभा आहे, उद्या सकाळी डिस्पॅच आहे आणि सिस्टीम माल आत घेऊ देत नाही. वेंडरकडे पुरेसा साठा नाही असा संदेश येतो. कारण साधं असतं. माल जाताना घाईत नुसता गेटपास फाडला, वेंडरच्या नावावर टाकायची नोंद केलीच नाही. सिस्टीमच्या लेखी पिना कधी बाहेर गेल्याच नाहीत, मग परत कशा येतील? प्लांट मॅनेजर फोन करतो, "ते निगेटिव्ह स्टॉक चालू करून द्या, माल अडलाय."

ऋण साठ्याला परवानगी देणं हे सॅपमध्ये होऊ शकतं. ते चालू केलं की टेम्पो आत येतो. वेंडरकडे उणे 488 पिना दिसतात. दुसऱ्या दिवशी कुणी राहिलेली नोंद केली तर ते भरून निघतं. कुणी नाही केली तर उणे राहतं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या खेपेची नोंद त्यात मिसळून जाते. तेव्हा त्या वेंडरकडे खरंच किती पिना आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मुलाखतीत मी हा फोन करते आणि ऐकते. 'नाही' म्हणणारा उमेदवार पुरेसा नाही, कारण टेम्पो खरंच उभा आहे. हवं ते उत्तर असं: आत्ता राहिलेली नोंद चलनाच्या तारखेने करून घेऊ, त्याला पाच मिनिटं लागतात, मग माल आत घेऊ. आणि उद्यापासून गेटपास सिस्टीममधल्या नोंदीशिवाय छापलाच जाणार नाही असं करू, म्हणजे आजची वेळ पुन्हा येणार नाही. अडचण सोडवायची जागा माल येतो ते दार नाही, माल जातो ते दार आहे.

चलनाच्या तारखेचा मुद्दा इथे येतो, आणि त्याला कायद्याचं वजन आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला कर न भरता पाठवलेला कच्चा किंवा अर्धा तयार माल एका वर्षात परत यावा लागतो, किंवा जॉबवर्करकडूनच विकला जावा लागतो. तसं झालं नाही तर तो ज्या दिवशी बाहेर गेला त्याच दिवशी विकला असं धरतात, आणि कर त्या दिवसापासून व्याजासह द्यावा लागतो. यंत्रांसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. साचे, डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल यांना ती लागू नाही. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर पाठवलेल्या आणि परत आलेल्या मालाचा तपशील ITC-04 या फॉर्ममध्ये सहामाही द्यावा लागतो, त्याखालच्यांना वार्षिक.

सॅपमध्ये वेंडरकडचा साठा एकत्र दिसतो. या वेंडरकडे कोऱ्या पिना 12, एवढंच. त्या 12 कोणत्या चलनाच्या, हे तो आकडा सांगत नाही. गेल्या आठवड्यातल्या असतील तर चिंता नाही. अकरा महिन्यांपूर्वीच्या असतील तर कारखान्याकडे महिनाभर उरला आहे. परत आलेला माल कोणत्या चलनासमोर वजा करायचा, हे ठरवल्याशिवाय कायद्याला लागणारं उत्तर निघत नाही. भारतासाठीच्या तरतुदींमध्ये चलन काढण्याची आणि परत आलेल्या मालाची त्याच्याशी सांगड घालण्याची सोय आहे, पण वेंडरने प्रत्येक खेपेवर आपला चलन नंबर लिहायचा की आधी गेलेला माल आधी परत आला असं धरायचं, हे कारखान्याने ठरवायचं असतं. हा प्रश्न मी उमेदवाराला सांगत नाही. तो त्याने मला विचारावा अशी वाट पाहते. अकाउंट्सच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात भेटलेला कन्सल्टंट तो विचारतो. फक्त स्टोअर आणि खरेदी पाहणाऱ्याला तो मार्चमध्ये सापडतो.

कधी कधी मी उदाहरण आणखी थोडं ताणते. पिना आधी हीट ट्रीटमेंटला जातात आणि तिथून चाकणला न येता थेट भोसरीला प्लेटिंगला. कायद्याला हे चालतं. सॅपमध्येही पहिल्या ऑर्डरवर डिलिव्हरीचा पत्ता म्हणून दुसरा वेंडर देऊन तो सबकॉन्ट्रॅक्टर असल्याची खूण केली, की माल आत घेतल्याची नोंद होताच तो थेट दुसऱ्याच्या नावावर जातो. पण ती नोंद करणार कोण? माल चाकणच्या गेटवर आलेलाच नाही. हीट ट्रीटमेंटवाला फोनवर सांगतो तेव्हा, की प्लेटिंगवाला पोच देतो तेव्हा? याचं उत्तर उमेदवाराकडे असावं अशी माझी अपेक्षा नसते. प्रश्न त्याच्या लक्षात यावा, एवढीच असते.

शेवटचा प्रश्न नेहमी बदलाच्या दिवसाचा. जुनी पद्धत 31 मार्चला बंद आणि 1 एप्रिलला सॅप सुरू, असं ठरलं आहे. त्या दिवशी स्टोअरमधला माल मोजून चढवता येतो. पण बाहेर पंधरा-वीस वेंडरकडे पडलेल्या मालाचं काय? तोही त्याच दिवशी त्या त्या वेंडरच्या नावावर सुरुवातीची शिल्लक म्हणून चढवावा लागतो, नाहीतर 2 एप्रिलला पहिलाच टेम्पो गेटवर अडतो. त्यासाठी मार्चच्या सुरुवातीलाच प्रत्येक वेंडरकडून शिल्लक मालाचं सही-शिक्क्याचं पत्र मागवायचं, ते आपल्या चलनबुकाशी ताडून पाहायचं, फरक निघेल तिथे माणूस पाठवून मोजायचं आणि जुन्या चलनांचे नंबर-तारखा सोबत नोंदवायच्या. उमेदवाराने हे सांगितलं की मी विचारते, वेंडरने पत्रच दिलं नाही तर? एकाने उत्तर दिलं, "त्याचं थकलेलं बिल असेलच, मॅडम. अकाउंट्सला सांगून ते पत्राशी बांधायचं." तो आता आमच्याकडे काम करतो.